सायलोत खरंच किती टन मका बसतो? व्यास, उंची आणि खालच्या कोनवरून हिशोब

आमच्या पोल्ट्री फीडच्या प्लांटवर पहिला सायलो उभा राहिला तेव्हा कोटेशनवर लिहिलं होतं १५० टन. आम्हीही भोळे, १५० टनाच्या हिशोबानेच मका मागवला. अकरा गाड्या आत गेल्या आणि वरून पोरगा ओरडला, बास करा, छताला टेकायला आलंय. बारावी गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर तोंड वाकडं करून बसलेला, आभाळ भरून आलेलं, शेवटी तो माल शेडमध्ये रिकामा केला आणि हमालांकडून पोत्यात भरून घेतला. त्यानंतर मी टेप घेऊन स्वतः सायलो मोजला. तोच हिशोब इथे पायरी पायरीने लिहितोय, आकडे आमच्याच सायलोचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सायलोला टन कळत नाही, त्याला फक्त जागा कळते. आपल्याकडे पायलीने धान्य मोजायचे तेव्हा हे सगळ्यांना माहीत होतं, पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा, माप तेच पण वजनात जमीनअस्मानाचा फरक. सायलो म्हणजे मोठी पायलीच. म्हणून पहिलं घनमीटर काढायचे आणि मग आपल्या मालाच्या वजनाने गुणायचं, ही दोन कामं वेगळी ठेवली की निम्म्या चुका होतच नाहीत.

जागेचे भाग तीन. मधला गोल उभा भाग, खालचा कोन (आमच्याकडे सगळे हॉपरच म्हणतात) आणि वर धान्याचा जो ढीग होतो तो.

व्यास

रिकामा सायलो असला तरी आत उतरून टेप लावायच्या फंदात पडू नका, बाहेरूनच काम होतं. भिंतीला टेप गोल गुंडाळायची, परीघ घ्यायचा आणि ३.१४१६ ने भागायचं. टेप सगळीकडे एका पातळीत पाहिजे, एका बाजूला वर चढली की परीघ जास्त येतो. बाहेरून उभे खांब बोल्ट केलेले असतील तर टेप त्यांच्यावरून जाते आणि आकडा फुगतो, अशा वेळी एका रिंगमध्ये किती पत्रे आहेत ते मोजा, एका पत्र्याची लांबी बोल्टच्या ओळीपासून बोल्टच्या ओळीपर्यंत घ्या (पत्रे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे पूर्ण पत्र्याची लांबी धरायची नाही) आणि गुणा.

आमचा परीघ आला १७.३२ मीटर, म्हणजे व्यास ५.५१. पण पत्रा नालीदार आहे आणि टेप बाहेरच्या उंचवट्यांवर बसते, धान्य मात्र आतल्या खाचांमध्ये अर्धंमुर्धं भरतं, म्हणून नालीची खोली एकदा वजा करायची. आमची साधारण १३ मिलीमीटर. व्यास धरला ५.५० मीटर, त्रिज्या २.७५. हे १३ मिलीमीटर धरले नाहीत तरी फार बिघडत नाही, पण व्यासाचा वर्ग होतो हे विसरू नका, व्यासात १ टक्का चूक म्हणजे उभ्या भागात २ टक्के चूक.

तळाचं क्षेत्रफळ मग ३.१४१६ × २.७५ × २.७५ = २३.७६ चौरस मीटर. हा आकडा कुठेतरी लिहूनच ठेवा, पुढे सगळीकडे लागतो. याचा अर्थ असा की सायलोत माल १ मीटर वर चढला की २३.७६ घनमीटर वाढले.

उभी भिंत

इथे उंची म्हणजे छताच्या टोकापर्यंतची नाही आणि जमिनीपासूनची पण नाही. कोन जिथे भिंतीला जोडलाय त्या रिंगपासून ते छताची कड जिथे भिंतीला टेकते तिथपर्यंत, तेवढीच. आमच्या भिंतीला पत्र्यांच्या ६ रिंगा आहेत, प्रत्येक रिंग बोल्ट ते बोल्ट १.१२ मीटर, म्हणजे ६.७२ मीटर. गुणाकार केला की १५९.७ घनमीटर.

एक फसवणारा प्रकार सांगतो. काही सायलोंची भिंत सरळ जमिनीपर्यंत आलेली असते आणि कोन तिच्या पोटात लपलेला असतो, बाहेरून दिसतच नाही. तिथे जमिनीपासून उंची घेतली की खालची सगळी रिकामी जागा पण धान्यात मोजली जाते. माल भरलेला असताना भिंतीवर लाकडी हातोडीने ठोकत खाली खाली या, माल आहे तिथे बद्द आवाज येतो आणि कोनच्या खाली गेलात की ठणठण. जिथे आवाज बदलला तिथे रिंग.

खालचा कोन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा थांबून वाचा.

कोनसाठी तीन मापं लागतात, वरची त्रिज्या (ती आलीच, २.७५), खालच्या तोंडाची त्रिज्या आणि कोनची उभी उंची. खालचं तोंड म्हणजे स्लाइड गेट जिथे बसलाय ते. आमचं ५० सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या ०.२५.

आता उंची. माणूस साहजिकच टेपचं एक टोक रिंगला धरतो, दुसरं तिरक्या पत्र्यावरून खाली गेटपर्यंत आणतो आणि म्हणतो, ही घ्या उंची. ती उंची नाही, ती तिरकी बाजू आहे. आमच्या कोनची तिरकी बाजू ३.५३५ मीटर भरते आणि खरी उभी उंची आहे २.५०. तिरकी बाजू उंची म्हणून टाकली तर कोनमध्ये ९ घनमीटर जास्त दिसतात, मक्यात साडेसहा टन, अख्खी अर्धी गाडी हवेत!

उभी उंची काढायची सोपी रीत अशी की रिंगच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि जमिनीपर्यंत मोजायचं, मग गेटपासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि वजाबाकी. आमचे ३.३० वजा ०.८० म्हणजे २.५०. खालचा कोबा पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराचा असतो, त्यामुळे दोन्ही मापं जमिनीच्या एकाच पातळीवर आणायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी वापरा. तिरकी बाजूच मोजून झाली असेल तरी वाया जात नाही, तिचा वर्ग करा, त्यातून दोन्ही त्रिज्यांच्या फरकाचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या. ३.५३५ चा वर्ग १२.५०, फरक २.७५ वजा ०.२५ म्हणजे २.५०, त्याचा वर्ग ६.२५, उरले ६.२५, वर्गमूळ २.५०. जुळलं. आणि कोन ४५ अंशाचा असेल तर मोजायचीही गरज नाही, उंची दोन त्रिज्यांच्या फरकाइतकीच येते. सुट्या वाहत्या दाण्याला ४५ बहुतेक ठिकाणी दिसेल, पेंडीसारख्या चिकट मालाला ६० अंशाचे उभे कोन असतात, तिथे मात्र मोजाच.

आता घनफळ. टोक कापलेल्या कोनचं सूत्र असं:

```
V = 3.1416 * h / 3 * (R*R + R*r + r*r)
```

आमचे आकडे टाकले की कंसात ७.५६ + ०.६९ + ०.०६ म्हणजे ८.३१, आणि बाहेर ३.१४१६ × २.५० ÷ ३ म्हणजे २.६१८, गुणाकार २१.८ घनमीटर.

इथे शाळेतलं साधं एक तृतीयांशवालं सूत्र लावलं तर चालेल का? चालेल, पण एका अटीवर, उंची टोकापर्यंतची धरायची. म्हणजे पत्रे गेटच्या खाली तसेच पुढे वाढवले असते तर जिथे एकत्र आले असते तिथपर्यंत, आमच्याकडे २.७५ मीटर. तसं केलं तर उत्तर तेच येतं, कापलेलं टोक फक्त १६ लिटरचं असतं, एक बादलीसुद्धा नाही. पण बरेचजण साध्या सूत्रात गेटपर्यंतची २.५० उंची टाकतात आणि २ घनमीटर गमावून बसतात, जवळपास दीड टन. टोक छोटं आहे म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, त्याची उंची सोडायची नाही.

वरचा ढीग

एलेव्हेटरमधून माल मधोमध पडतो त्यामुळे वर सपाट पृष्ठभाग कधीच नसतो, ढीग असतो. ढिगाचा उतार मालावर आणि ओलाव्यावर ठरतो, पुस्तकातला अंश शोधत बसू नका, शेडमध्ये मक्याचा एक ढीग ओता आणि त्याची उंची भागिले त्याच्या रुंदीचा अर्धा भाग करा. आमचा २ मीटर रुंद ढीग साडेबेचाळीस सेंटीमीटर उंच झाला, म्हणजे ०.४२५. सायलोत त्रिज्या २.७५, म्हणून ढीग १.१७ मीटर उंच होणार. हा शंकू टोकाचा आहे म्हणून साधं सूत्र, २३.७६ × १.१७ ÷ ३ = ९.३ घनमीटर.

पण भिंतीला लागून माल छताच्या कडेपर्यंत भरायचा नाही. तिथून हवा बाहेर पडते, आणि थंडीत छताच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं ते थेट टेकलेल्या मालावर, मग वरचा थर काळा पडून गोळे होतात. आम्ही भिंतीजवळ ३० सेंटीमीटर सोडतो. म्हणजे उभा भाग ६.७२ ऐवजी ६.४२, घनफळ १५२.५.

बेरीज करा, १५२.५ + २१.८ + ९.३ = १८३.६ घनमीटर. ही झाली आमच्या सायलोची वापरायची जागा.

एका घनमीटरला किती टन

यासाठी एक बादली, एक चांगला डिजिटल काटा आणि पाच मिनिटं लागतात. बादलीवर २० लिटर लिहिलंय म्हणून २० धरू नका. रिकामी बादली काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जितके किलो तितके लिटर. आमची १९.६ लिटरची निघाली. बादली पूर्ण कोरडी करा, वीतभर उंचीवरून मका सोडत काठाच्या वर येईपर्यंत भरा, सरळ पट्टी फिरवून वरचा माल काढून टाका आणि वजन करा. भरताना बादली हलवायची नाही की आपटायची नाही, हमाल सवयीने पोत्यासारखी आपटतो आणि माप बिघडतं. असं तीन वेळा, वेगवेगळ्या पोत्यांमधून. आम्हाला १४.०, १४.१, १४.२ किलो आले, सरासरी १४.१, भागिले १९.६ म्हणजे ०.७२. एका घनमीटरला ०.७२ टन. मक्याचा सर्वसाधारण आकडा हाच आहे, गहू बहुतेक ०.७७ ते ०.८० मध्ये येतो आणि भात ०.५८ च्या आसपास, पण तुमच्या मालात तूस, माती, फुटका दाणा किती यावर फरक पडतो म्हणून बादली प्रत्येक हंगामात नव्याने मोजा.

१८३.६ × ०.७२ = १३२ टन.

मग कोटेशनवरचे १५० आले कुठून? मी उलटा हिशोब केला. छताच्या कडेपर्यंत पूर्ण भिंत १५९.७, कोन २१.८, ढीग ९.३, बेरीज १९०.८, आणि त्याला ०.८० ने गुणलं की १५२.६. म्हणजे त्यांनी चांगला जड गहू धरला होता आणि वर एक बोटभर जागा सोडली नव्हती. २० टनांच्या फरकात १५ टन नुसते गव्हाचे आणि ५ टन वरच्या मोकळ्या जागेचे. खोटं काहीच लिहिलं नव्हतं तसं, फक्त आम्ही मका भरतो हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सायलो घेताना टन विचारूच नका, घनमीटर विचारा, आणि त्यात ढीग धरलाय का ते विचारा. काही कंपन्या दाबाचे ५-६ टक्के पण वरून चढवतात.

हा दाब खोटा नाही पण. खालचा माल वरच्या वजनाने थोडा आवळतो, म्हणून सायलोत बादलीपेक्षा किंचित जास्त बसतं. किती, ते काट्यावरूनच काढायचं. सायलो पूर्ण रिकामा करून पहिल्यांदा भराल तेव्हा प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन लिहा आणि ठरलेल्या पातळीला थांबा. आमच्या ११ गाड्यांचे निव्वळ १३४.६ टन झाले, हिशोब १३२.२ चा, भागाकार १.०१८, म्हणजे साधारण २ टक्के. छोट्या सायलोत इतकाच असतो, उंच आणि रुंद सायलोत वाढतो. तुमचा फरक ५-६ टक्क्यांच्या वर गेला तर त्याला दाब म्हणून गप्प बसू नका, कुठेतरी माप चुकलंय, पहिला संशय कोनच्या उंचीवर घ्या आणि दुसरा व्यासावर.

अर्धा भरलेला असताना स्टॉक

महिनाअखेरीला अकाउंटवाला विचारतो किती माल आहे, आणि इथे मजा आहे. माल खालून काढायला लागलं की वर ढिगाच्या जागी खड्डा होतो, भिंतीजवळ एक पातळी आणि मध्ये दुसरीच. लोक भिंतीजवळ ओळंबा सोडतात आणि स्टॉक जास्त सांगतात, खड्ड्यात सोडला तर कमी.

पण शंकूचा एक गुण आहे, ढीग असो की खड्डा, त्याची सरासरी पातळी भिंतीपासून त्रिज्येच्या एक तृतीयांश आत असते. आमच्याकडे २.७५ ÷ ३ म्हणजे ९२ सेंटीमीटर. तिथे ओळंबा सोडला की जी पातळी येते ती सगळा माल सपाट केला असता तर आली असती तीच. उतार किती, खड्डा किती खोल, काही बघायची गरज नाही. छताचं झाकण बहुतेक कडेकडेलाच असतं त्यामुळे ती जागा हाताशी येते. फक्त माल मधोमध पडतोय आणि मधोमधून निघतोय हे खरं पाहिजे, एका बाजूला कलला असेल तर हा नियम लागत नाही.

आमचं झाकण छताच्या कडेच्या पातळीपेक्षा ५३ सेंटीमीटर वर आहे, हे एकदा मोजून शिडीपाशी रंगाने लिहून ठेवलंय. समजा ओळंबा ३.६३ मीटरवर टेकला, तर कडेपासून ३.१० खाली, म्हणजे भिंतीत माल ६.७२ वजा ३.१० = ३.६२ मीटर. गुणिले २३.७६ म्हणजे ८६.०, त्यात कोन २१.८ मिळवा, १०७.८ घनमीटर, गुणिले ०.७२ म्हणजे ७७.६ टन, आणि २ टक्के दाब धरला तर ७९. हे एक्सेलमध्ये एकदा बसवून टाका, B1 मध्ये व्यास, B2 मध्ये भिंतीतल्या मालाची सरासरी उंची, B3 मध्ये गेटचा व्यास, B4 मध्ये कोनची उभी उंची, B5 मध्ये बादलीचा आकडा:

```
=(PI()*B1^2/4*B2+PI()*B4/12*(B1^2+B1*B3+B3^2))*B5
```

माल कोनच्या आत उतरला की हे चालत नाही, तेव्हा सरळ रिकामा करून काट्यावर घ्या. आणि ओळंबा सोडायला वर चढणाऱ्याने बेल्ट लावायचा, झाकणातून वाकून फक्त दोरी आत, माणूस कधीच नाही. खालून माल चालू असताना वरचा थर पायाखालून सरकतो आणि माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत जातो.

ओळंब्याचा स्टॉक आणि रजिस्टर यात २-३ टनांचा फरक आला तर चोरीची शंका घेण्याआधी मॉइश्चर बघा. १४ टक्क्यांवर भरलेला १३० टन मका पंखे चालवून १२ वर आला तर वजन १३० × ८६ ÷ ८८ म्हणजे १२७ टनच उरतं, ३ टन पाणी उडालं. आमच्याकडे यावरून गोडाऊनच्या माणसाशी दोन महिने भांडण चाललं होतं, तो बिचारा बरोबर होता.

राहिलं एक, पुढे कधी मक्याच्या जागी गहू भरायचं मनात आलं तर आधी सायलोच्या पायांचं आणि फाउंडेशनचं डिझाइन कुठल्या वजनाला केलंय ते ड्रॉइंगवर बघा. जागा तीच १८३.६ घनमीटर पण ०.८० च्या गव्हाने १४७ टन होतात, वर दाब धरला तर १५०, म्हणजे मक्यापेक्षा १५ टन जास्त त्याच पायांवर. आमचं सुदैवाने गव्हावरच केलेलं होतं, म्हणून सायलोवर आता दोन आकडे रंगवलेत, मका १३४, गहू १५०, आणि खाली भरण्याची पातळी, झाकणापासून ४४ सेंटीमीटर.